कैरीचं लोणचं: ३० सेकंदांच्या जाहिरातीची संहिता

(उभा व्हिडिओ. निवेदन घरातल्याच बाईच्या आवाजात, सावकाश.)

०–४ सेकंद
अगदी जवळून: अडकित्त्यात कैरी. कच्! संगीत नको, हा आवाजच पुरे.

४–११ सेकंद
कापडावर पसरलेल्या फोडी. मग परातीत मीठ पडतं.
निवेदन: "कैरी धुऊन, पुसून, कोरडी करूनच फोडतो. पाण्याचा अंश राहिला की बुरशी आलीच. किलोभर फोडींना दोनशे ग्रॅम मीठ, मोजून."

११–२० सेकंद
मोहरीची डाळ, मेथी, हळद, हिंग, तिखट. कढईतलं तेल, बाजूला घड्याळ पुढे सरकतं. गार तेलाची धार बरणीत.
निवेदन: "तेल कडकडीत तापवायचं आणि पूर्ण गार करूनच ओतायचं. गरम ओतलं तर मसाला करपतो, फोडी मऊ पडतात."
(धार तुटू देऊ नका, दोनतीनदा चित्रित करा.)

२०–२५ सेकंद
काचेची बरणी, फोडींवर बोटभर तेल. वरणभात, कडेला एक फोड. कुरकुरीत चावा.
निवेदन: "तेलाचा थर वर, फोड करकरीत. रासायनिक परिरक्षक नाही."

२५–३० सेकंद
हात ओला चमचा बाजूला सारतो, कोरडा उचलतो.
निवेदन: "चमचा मात्र कोरडाच हं!"
पडद्यावर: घरगुती कैरीचं लोणचं. अर्धा किलो, एक किलो. बरणीवर तयार केल्याची तारीख. ऑर्डरसाठी याच पानावर मेसेज करा.