गुणनियंत्रण रसायनज्ञ पदासाठी पुन्हा अर्ज

करमाळा,
२२ सप्टेंबर २०२५

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
गुणनियंत्रण विभाग, दुग्धप्रक्रिया प्रकल्प

विषय : गुणनियंत्रण रसायनज्ञ (दूध स्वीकृती) या पदासाठी अर्ज

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रकल्पात दूध स्वीकृती विभागात रसायनज्ञाची जागा भरायची असल्याची जाहिरात गेल्या आठवड्यात वाचली आणि हा अर्ज करत आहे. याच विभागातल्या जागेसाठी १८ नोव्हेंबर २०२४ रोजी आपण माझी मुलाखत घेतली होती. तेव्हा निवड झाली नाही. तरीही ती मुलाखत माझ्या इतकी लक्षात आहे, की आधी तिच्याबद्दलच लिहिते.

त्या दिवशी आपण मला एक प्रश्न विचारला होता. टँकरचे दूध ४ अंशांवर आले आहे, आम्लता ०.१४ टक्के आहे, वास चांगला आहे, पण अल्कोहोल टेस्टला फुटते आहे. काय कराल? मी लगेच म्हणाले, "परत पाठवीन." आपण विचारले, "परत पाठवाल, पण उत्पादकाला काय सांगाल? दूध आंबलेले तर नाही." माझ्याकडे उत्तर नव्हते. उदगीरच्या दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालयात बी.टेक. करताना मी ही टेस्ट कितीतरी वेळा केली होती, पण दूध फुटले म्हणजे आम्लता वाढली, इतकेच डोक्यात पक्के बसलेले. आपण मला घाईने उत्तर दिले नाही, की दुसऱ्या प्रश्नावरही गेला नाहीत. "चला, डॉकवर जाऊ," म्हणालात.

डॉकवर एक टँकर लागलेला होता. मी नमुना घ्यायला वाकले, तर आपण थांबवून म्हणालात, "झाकण उघडल्याबरोबर आधी वास. तो पहिला क्षण गेला की वास हाती लागत नाही." मग प्लंजर माझ्या हाती दिलात आणि वरची साय खालच्या दुधात मिसळेपर्यंत ढवळायला लावलेत. मुलाखतीला आलेल्या मुलीला कोणी एवढा वेळ देत नाही, हे तेव्हाही कळत होते. निघताना चहा घेता घेता आपण म्हणालात, "दूध टँकरमध्ये येण्याआधी कुठून येते, ते एकदा बघून या." नंतर आलेल्या पत्रातही नकाराचे कारण स्पष्ट होते : प्रत्यक्ष संकलनाचा अनुभव नाही. वाईट वाटले, पण कारण खरे होते.

जानेवारी २०२५ पासून मी करमाळा तालुक्यातल्या एका चिलिंग सेंटरवर प्रयोगशाळा सांभाळते. ११ गावांचे दूध येते, दोन्ही वेळचे मिळून रोज साधारण ९ हजार लिटर, बहुतेक गायीचे. पहाटे साडेपाचला पहिला कॅन उतरतो. फॅट, डिग्री, आम्लता, सीओबी आणि अल्कोहोल टेस्ट रोजच्या. युरिया, स्टार्च, न्यूट्रलायझर यांच्या टेस्ट ठरलेल्या दिवशी, आणि शंका आली की लगेच.

आपला तो प्रश्न जूनमध्ये माझ्या टेबलावर आला. एका उत्पादकाचे १४ लिटर दूध होते. आम्लता ०.१३, वास चांगला, सीओबी निगेटिव्ह. आणि ६८ टक्के अल्कोहोल समभाग घालून नळी हलवली, की काचेवर बारीक कण. दोनदा केले, तेच. डिग्रीही त्यांच्या नेहमीपेक्षा दीडने कमी होती. पाणी घातल्याचा संशय कोणालाही आला असता, आणि त्या काकांना तो माझ्या चेहऱ्यावर दिसलाही. "ताई, पाण्याचा थेंब नाही यात," एवढेच म्हणाले.

दूध त्या दिवशी बाजूला ठेवले आणि संध्याकाळी धारेच्या वेळी मी त्यांच्या गोठ्यावर गेले. दोन गायी. कास बघून काही कळत नव्हते, सूज नाही, दूध दिसायला स्वच्छ. चारही सडांचे दूध सीएमटीच्या पॅडलमध्ये वेगवेगळे घेतले आणि द्रावण घालून फिरवले. पहिल्या गायीचे चारही कप्पे पातळच राहिले. दुसरीच्या मागच्या उजव्या सडाचे दूध मात्र बघता बघता जेलीसारखे होऊन कप्प्याच्या मध्यभागी गोळा झाले. काका पॅडलवर वाकून बघत होते. बाहेरून न दिसणारी दगडी होती. कासदाहाने दुधातल्या क्षारांचा तोल बिघडतो, लॅक्टोज कमी होते, म्हणून आम्लता न वाढताही दूध अल्कोहोलला फुटते आणि डिग्री पडते. पशुवैद्यकांकडून उपचार झाले, औषधाचा अंश असेपर्यंत त्या गायीचे दूध वेगळे ठेवले आणि त्यानंतर त्यांचे दूध पुन्हा सुरू झाले. आज तेच काका गावात इतरांना सांगतात, की दूध फुटले तर आधी कास तपासून घ्या.

तेव्हा, महोदय, आपल्या प्रश्नाला आज माझे उत्तर असे : टँकर थांबवीन, तो ज्या कूलरमधून भरला तिथले गावनिहाय नमुने तपासीन, आणि उत्पादकाला "दूध खराब" एवढेच सांगणार नाही, कुठली गाय तपासायची ते सांगीन. गाय आटत आली आहे का, नुकतीच व्यालेली असेल तर चीक मिसळला गेला का, हेही आता मी आधी विचारते.

इथे दुसरी गोष्ट शिकले ती बोलण्याची. उन्हाळ्यात "डिग्री कमी का लावली" यावर रोज वाद व्हायचे. लॅक्टोमीटर २७ अंशांना बसवलेला असतो आणि ताजे, कोमट, फेसाळ दूध कमी डिग्री दाखवते. मी थर्मामीटर उत्पादकाच्याच हातात देऊ लागले. फेस बसू द्यायचा, तापमान त्यांनी वाचायचे, मग दोघांनी मिळून डिग्री बघायची. वाद बरेच कमी झाले.

जे येत नाही तेही सांगते. मी फॅट गर्बर पद्धतीने आणि छोट्या मिल्क अॅनालायझरवर काढते. आपल्या प्रयोगशाळेतल्या एफटीआयआर यंत्रावर मी काम केलेले नाही. पॅकिंग विभागाचा अनुभवही शिक्षणातल्या प्रकल्प प्रशिक्षणापुरताच आहे. या दोन्ही गोष्टी शिकण्यासाठी पहिले काही महिने जादा वेळ थांबायची माझी तयारी आहे.

याच काळात दुसरीकडे अर्ज केला नाही, कारण मला दूध स्वीकृतीच करायची आहे आणि ती त्या डॉकवर शिकायची आहे. आपण विचारता तसे प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्या हाताखाली काम करावे, असे मला त्या दिवसापासून वाटते.

सध्याच्या केंद्राला एक महिन्याची सूचना द्यावी लागेल. या अर्जाची माझ्या केंद्रप्रमुखांना कल्पना आहे, माझ्या कामाबद्दल ते आपल्याशी बोलतील. सोबत पदवीचे प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला आणि जून महिन्याच्या त्या नमुन्याच्या नोंदवहीतल्या पानाची प्रत जोडली आहे. उत्पादकाचे नाव त्यात झाकले आहे.

मुलाखतीला कधीही बोलवा, मी येईन. सोमवार ते शनिवार सकाळी दहानंतर माझे संकलन आटोपलेले असते, त्यामुळे दुपारची वेळ दिल्यास सोयीचे होईल.

आपली नम्र,
स्नेहल जाधव