विषय: एम-4, स्लाइड 17 वरच्या `iff` बद्दल शंका

कळवा, ठाणे
बुधवार, रात्री

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

मी ओंकार, एसई कॉम्प्युटर, बी डिव्हिजन, रोल नंबर 37. काल लेक्चर संपता संपता स्लाइड 17 आली आणि लिहून घ्यायच्या आत गेलीही, म्हणून मोबाइलवर फोटो काढून ठेवला. संध्याकाळी ऐरोलीहून ठाणे लोकलमध्ये ती नीट वाचायला घेतली आणि पहिल्याच ओळीला अडकलो.

त्या ओळीचा अर्थ मी असा लावला: सगळ्या आयगन व्हॅल्यूज वेगवेगळ्या असतील तरच मॅट्रिक्स डायगोनलाइझ होते. खाली तुम्ही A चं उदाहरण दिलं आहे. शेजारचा B माझा.

```
A = | 3  1 |    B = | 3  0 |
    | 0  3 |        | 0  3 |
```

दोन्हींत λ = 3, दोनदा. A − 3I ची रँक 1 येते, त्यामुळे (1, 0) च्या दिशेचाच आयगन व्हेक्टर मिळतो, दुसरा काही केल्या निघत नाही. इथपर्यंत पटलं. पण B तर मुळातच डायगोनल आहे! स्लाइडच्या नियमाने तीही बाद व्हायला हवी.

B फारच सोपी म्हणून सोडून द्यावी, तर घरी येऊन आणखी एक करून पाहिली: 3×3 ची C, सगळीकडे 1. तिची रँक 1, आयगन व्हॅल्यूज 3, 0, 0. शून्य दोनदा आलं, तरी त्याचे व्हेक्टर दोन मिळाले, (1, −1, 0) आणि (1, 0, −1). तिसरा (1, 1, 1), λ = 3 चा. तिन्ही लिनिअरली इंडिपेंडंट आहेत. P तयार करून P⁻¹CP काढलं, डायगोनलच आलं. (पहिल्यांदा नाही आलं, इन्व्हर्समध्ये एक चिन्ह चुकलं होतं.)

म्हणून विचारतो, तिथे `iff` ऐवजी `if` हवं होतं का? म्हणजे व्हॅल्यूज वेगळ्या असतील तर डायगोनलाइझ नक्की होणार, पण उलट खरं असेलच असं नाही. 'तर' आणि 'तरच' एवढाच फरक. आणि खरी अट ही, की प्रत्येक λ ची अल्जिब्राइक आणि जॉमेट्रिक मल्टिप्लिसिटी सारखी हवी? हे दोन शब्द स्लाइड 18 वर आहेत, पण 17 शी त्यांचा संबंध कुठे जोडलेला दिसला नाही. माझंच काही निसटलं असेल तर कृपया सांगा.

जाता जाता एक छोटी गोष्ट. स्लाइड 15 वर |A − λI| आहे, 17 वर |λI − A|. 3×3 ला चिन्हं उलटी आली तेव्हा मी अर्धा तास चूक शोधत बसलो. मुळं तीच येतात हे नंतर लक्षात आलं. पेपरात कुठलंही लिहिलं तर चालेल ना?

सोमवारी युनिट टेस्ट आहे. शुक्रवारी 12 च्या लेक्चरनंतर स्टाफरूममध्ये पाच मिनिटं मिळाली तर वही घेऊन येतो. वेळ नसेल तर `if` की `iff`, एवढंच ग्रुपवर टाकलंत तरी पुरेल. आमच्या बाकावरचे तिघेही तिथेच अडकलेत.

आपला विद्यार्थी,
ओंकार