सातवी सेमी, गणित वर्कशीट: मराठी शब्द आणि इंग्लिश शब्द, जोड्या लावा

मुलांनो, यंदापासून गणित इंग्लिशमधून आहे म्हणून घाबरायचं काही कारण नाही, गणित तेच आहे, फक्त नावं बदललीत. शुक्रवारपर्यंत वहीत सोडवून आणा, पेन्सिलने चालेल. उत्तरं शेवटी दिलीत, पण आधी स्वतः करा, बघून लिहिलेलं मला लगेच कळतं.

प्रश्न १. जोड्या लावा.

अ गट: १ त्रिकोण, २ कोन, ३ शंकू, ४ परिमिती, ५ परीघ, ६ छेद, ७ जीवा, ८ मूळ संख्या, ९ विशालकोन, १० लसावि

ब गट: क कॉर्ड, ख डिनॉमिनेटर, ग एलसीएम, घ अँगल, च ट्रायअँगल, छ ऑब्ट्यूज अँगल, ज पेरिमीटर, झ कोन, ट प्राइम नंबर, ठ सर्कमफरन्स

दोन्ही गटात कोन दिसतोय ना, ती टायपिंगची चूक नाहीये. मराठी कोन वेगळा आणि इंग्लिश कोन वेगळा, आइस्क्रीमचा कोन आठवा म्हणजे कुठला कुणाशी जोडायचा ते कळेल. आणि लिहिताना मराठी कोन नळाच्या न ने, बाणाचा ण लावलात तर "कोण आलंय?" मधला कोण होतो. पण त्रिकोण मात्र ण ने. आता तो ण आणि हा न असं का, ते मराठीच्या बाईंना विचारा.

त्रिभुज हा शब्द हिंदीच्या पुस्तकात किंवा हिंदी व्हिडिओत दिसेल, तोही ट्रायअँगलच, गोंधळू नका. भुज म्हणजे बाजू, म्हणून त्रिभुज म्हणजे तीन बाजूंचा आणि त्रिकोण म्हणजे तीन कोनांचा. इंग्लिश शब्दातही शेवटी अँगल आहे बघा, म्हणजे तो आपल्या त्रिकोणाचा सख्खा भाऊ. समभुज, समद्विभुज, विषमभुज यात मात्र आपणही भुज वापरतोच: इक्विलॅटरल, आयसोसिलीज, स्केलीन, याच क्रमाने.

प्रश्न २. २९ ला ४ ने भागलं. ४ साते २८, उरला १. आता २९, ४, ७ आणि १ यातला प्रत्येक आकडा मराठीत काय आणि इंग्लिशमध्ये काय ते लिहा. शब्द: भाज्य, भाजक, भागाकार, बाकी, आणि डिव्हायझर, रिमेंडर, डिव्हिडंड, क्वोशंट.

इथे सगळ्यात जास्त मार्क जातात म्हणून नीट वाचा. मराठीत भागाकार म्हणजे भागायची क्रिया पण आणि आलेलं उत्तर पण, इंग्लिशमध्ये क्रियेला डिव्हिजन आणि उत्तराला क्वोशंट, त्यामुळे पेपरात "फाइंड द क्वोशंट" आलं की डिव्हिजन तर केलं, आता हे क्वोशंट काय नवीन, असं म्हणून पोरं सोडून देतात, अरे तेच तर विचारलंय! गुणाकाराचंही तसंच, क्रिया मल्टिप्लिकेशन आणि उत्तर प्रॉडक्ट. बेरीज म्हणजे ॲडिशन आणि सम, वजाबाकी म्हणजे सबट्रॅक्शन आणि डिफरन्स.

प्रश्न ३. एक मराठी शब्द, दोन इंग्लिश शब्द. कुठे कुठला ते सांगा.

अ) आयत ABCD, AB = ८ सेमी, BC = ६ सेमी, कर्ण AC = १० सेमी. आयतासाठी AC ला इंग्लिशमध्ये काय म्हणाल? आणि त्याच AC ला काटकोन त्रिकोण ABC मध्ये काय म्हणाल? रेघ एकच आहे हं, आकृती काढूनच उत्तर लिहा.
आ) ३/४ चा अंश ३, आणि ६० अंशाचा कोन. न्यूमरेटर कुठे, डिग्री कुठे?
इ) वर्तुळाचा कंस आणि ५ × (२ + ३) मधला कंस. ब्रॅकेट कुठे, आर्क कुठे?
ई) हा उलटा आहे. इंग्लिशमध्ये दोन्हीला स्क्वेअर म्हणतात, पण ४ बाजू सारख्या असलेल्या आयताला मराठीत काय म्हणायचं आणि ७ × ७ = ४९ मध्ये ४९ हा ७ चा कोण?

उत्तरं:
प्र. १: १-च, २-घ, ३-झ, ४-ज, ५-ठ, ६-ख, ७-क, ८-ट, ९-छ, १०-ग.
प्र. २: २९ भाज्य, डिव्हिडंड. ४ भाजक, डिव्हायझर. ७ भागाकार, क्वोशंट. १ बाकी, रिमेंडर.
प्र. ३: अ) आयतात डायगोनल, त्रिकोणात हायपोटेन्यूज. आ) ३ न्यूमरेटर, ६० डिग्री. इ) वर्तुळाचा आर्क, दुसरा ब्रॅकेट. ई) चौरस, आणि ४९ हा ७ चा वर्ग. तिथला "कोण" बाणाच्या ण चा होता, बघितलंत ना?