रात्रीचा गोषवारा | मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५ | तीन गोष्टी अकराच्या आत

ताई, नमस्कार.

काल रात्री १० ते आज सकाळी ७ या वेळात व्हॉट्सॲपवर ३१, इन्स्टावर १७ कमेंट आणि ६ मेसेज, गूगलवर २ अभिप्राय, ईमेल ४. कोजागिरीमुळे लोक उशिरापर्यंत जागे होते, शिवाय अमेरिकेतली मंडळी नेहमीप्रमाणे आपल्या रात्रीच बोलती झाली. बहुतेकांना उत्तरं गेली आहेत. तुमच्याशिवाय अडलंय ते सगळ्यात वर घेतलंय. फक्त तेवढंच वाचलंत तरी चालेल.

अकराच्या आत

१. दुबईचा डबा थांबवलाय (ऑर्डर ३१८). कुरिअरवाला ११ वाजता येतो. ग्राहकांनी रात्री पावणेबाराला पत्ता पक्का केला आणि "पूर्ण फराळ" असं लिहिलं. आपल्या पूर्ण फराळात अनारसे आणि करंजी येतात, आणि दोन्हींत खसखस आहे. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या यादीत मोडते. पार्सल परत येण्यावर हे भागत नाही, ज्याच्या नावावर डबा गेला तो माणूस अडचणीत येतो. सिंगापूरलाही खसखशीला बंदी आहे, म्हणून ३२२ पण बाजूला काढलाय.

बदल असा सुचवतो: अनारसे आणि करंजीऐवजी शंकरपाळे ५०० ग्रॅम आणि रव्याचे लाडू ८. चिवड्यात आपण खसखस घालत नाही, तीळ घालतो, तो जाऊ द्या. पण हे दोन डबे अनारशाच्या टेबलावर भरायचे नाहीत. ताटाला चिकटलेले चार दाणेही नकोत. मागच्या खोलीतल्या टेबलावर, नवीन कागद अंथरून, हात धुऊन भरायचे. घटकांची चिठ्ठीही नवी छापावी लागेल, कारण जुन्या चिठ्ठीवर खसखस लिहिलेली आहे आणि तपासणारा आधी तीच वाचतो.

तुमचा होकार आला की ग्राहकांना हा मेसेज जाईल: "नमस्कार. तुमच्याकडे खसखस न्यायला बंदी असल्याने अनारसे आणि करंजी पाठवता येत नाहीत. त्याऐवजी शंकरपाळे आणि रव्याचे लाडू देत आहोत. किमतीतला फरक परत करतो. चालेल ना?"

२. शनिवारच्या चकलीच्या दोन तक्रारी. दोन्ही वेगवेगळ्या घरांतून, पण घाणा एकच: ४ ऑक्टोबर, संध्याकाळचा. एक इन्स्टावर फोटोसकट ("चकली मऊ, लहान मुलंही खाईनात"), दुसरी व्हॉट्सॲपवर. सकाळी त्या लॉटचं एक पाकीट फोडून पाहिलं. तोडल्यावर आत नळी नीट पोकळ आहे, कच्चेपणा नाही, तेलकटही नाही, पण बाहेरून आतपर्यंत सगळीकडे सारखीच लिबलिबीत. म्हणजे तळणीत चूक नाही. मोठ्या आचेवर घाईत तळली असती तर बाहेर कडक आणि आत ओलसर लागली असती. मोहन जास्त झालं असतं तर तेलात विरघळून तुकडे पडले असते. ही नंतर सादळलेली आहे.

वहीत कारण दिसतंय. शेवटचा घाणा ६.४० ला निघाला आणि पाकिटं ७.१५ ला बंद झाली. दोन तास जाळीवर गार करायचा आपला नियम आहे, इथं ३५ मिनिटंच मिळाली. कोमट चकलीची वाफ पाकिटातच राहिली.

या लॉटची २३ पाकिटं फळीवर आहेत, त्यांना लाल पट्टी लावून ठेवलीय. परत तळून किंवा भट्टीत कडक करून विकायची नाहीत, दुसऱ्यांदा तापलेल्या तेलाचा वास आठवड्यात येतो. दोघांना नवीन पाकीट द्यायला परवानगी हवी. इन्स्टावर तूर्त एवढंच लिहिलंय: "तक्रार पाहिली. पाकिटावरची तारीख मेसेजमध्ये पाठवा, आज बदलून देतो." कारण उघड्यावर लिहिलेलं नाही, ते तुम्ही ठरवा.

३. हिंजवडीच्या कंपनीचं विचारणं, १२० डबे, बुधवार १५ तारखेला पोहोच. ईमेल रात्री १०.२०, उत्तर आज दुपारपर्यंत हवंय. प्रत्येक डब्यात चिवडा, चकली, शंकरपाळे प्रत्येकी २५० ग्रॅम आणि बेसन लाडू ६. म्हणजे तीनही पदार्थ ३०-३० किलो, लाडू ७२०.

चिवडा आणि शंकरपाळे निघतील. लाडू दोन दिवसांत वळून होतात. अडतं ते चकलीपाशी. दोन सोऱ्यांवर दिवसाला १२ किलो तयार माल निघतो. आजपासून १४ तारखेपर्यंत रविवार सोडून ७ दिवस, म्हणजे ८४ किलो. आधीच्या ऑर्डरी ५८ किलो. उरतात २६, लागतात ३०, शिवाय वरच्या लॉटची भरपाई वेगळी. तेव्हा एक तर रविवारी १२ तारखेला काम ठेवायचं, नाही तर डब्यात चकली २०० ग्रॅम करायची (मग २४ किलोत भागतं, पण हाताशी दोनच किलो उरतात). आमचं मत रविवारच्या बाजूनं. बायकांना जादा रोजी द्यावी लागेल ती दरात धरता येईल. २०० ग्रॅमचा हिशेब एक घाणा बिघडला की कोसळतो.

काहीही ठरलं तरी निम्मे पैसे आगाऊ घ्यायचे आणि कंपनीचा जीएसटी क्रमांक आधीच मागायचा. मागाहून बिल बदलायला लावतात.

आज संध्याकाळपर्यंत

अनारशांबद्दल रात्रीत ७ जणांनी विचारलंय. पीठ ६ किलो शिल्लक आहे, ते बोलल्या गेलेल्या ऑर्डरींतच संपेल. नवीन करायचं तर तांदूळ उद्या सकाळी भिजलेच पाहिजेत: तीन दिवस रोज पाणी बदलून, ११ ला उपसून सावलीत अर्धवट सुकवून दळायचे, गूळ घालून पीठ १६ पर्यंत मुरवायचं, १६-१७ ला तळायचे. १७ ला वसुबारस. एक दिवस जरी पुढे ढकललं तरी पीठ नीट मुरणार नाही आणि तुपात सोडल्यावर अनारसे हसतील किंवा दगड होतील. किती किलो तांदूळ भिजवू ते सांगा. नाही म्हणालात तर "अनारसे बंद" अशी पाटी आजच टाकतो, लोकांना झुलवत ठेवण्यापेक्षा बरं.

दरांवरून इन्स्टावर एक कमेंट वर चढलीय: "जीएसटी कमी झाला, मग चिवडा अजून २८० का?" बरोबर बोलतायत. २२ सप्टेंबरपासून पाकीटबंद नमकीनवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला आणि आपल्या बिलात ५ च लागतोय, पण वर चिकटवलेलं दरपत्रकाचं चित्र जुनंच राहिलंय. २८० मधून १२ टक्के काढले की २५०, त्यावर ५ टक्के म्हणजे २६२.५०. नवीन चित्रात २६२ धरलंय. चकलीलाही हाच नियम. लाडवांवर आधीपासून ५ टक्केच होते, तिथं बदल नाही, आणि हे चित्रात एका ओळीत लिहावं, म्हणजे तीच विचारणा लाडवांवरून येणार नाही. चित्र तयार आहे, तुम्ही पाहिलंत की चढवतो.

अमेरिका

न्यू जर्सीतून दोन, टेक्सासमधून एक. तिघांचा सूर एकच: गेल्या वर्षी टपालानं स्वस्तात आलं, यंदा दुप्पट का? तिघांना गेलेलं उत्तर खाली आहे, म्हणजे कुणी फोन केला तर तुमच्या तोंडी तेच राहील:

"नमस्कार. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला मिळणारी आयातकराची सूट अमेरिकेनं २९ ऑगस्टपासून काढून घेतली आहे. भारतीय टपाल खात्यानं अमेरिकेची पार्सलं सध्या घेणं थांबवलं आहे, त्यामुळे खासगी कुरिअरचाच मार्ग उरतो. भारतीय मालावर सध्या ५० टक्के जादा कर आहे. त्यावर मूळ कर आणि कुरिअरचा हाताळणीचा आकार वेगळा. ४,००० रुपयांच्या फराळावर कमीत कमी २,००० रुपये कराचेच धरा. हे सगळं मान्य असेल तर ९ तारखेपर्यंत कळवा, म्हणजे दिवाळीआधी पोहोचवायचा प्रयत्न करता येईल."

त्यातल्या एका काकांनी सुचवलंय की डब्यावर "भेट" लिहा आणि किंमत ५०० दाखवा. नाही म्हणून कळवलंय, तेही नीट शब्दांत. स्वतः पैसे भरून स्वतःसाठी मागवलेला माल भेट ठरत नाही, आणि खोटी किंमत लिहिलेलं पार्सल अडकलं तर आपलं पुढचं प्रत्येक पार्सल उघडलं जाईल. काका जरा रुसलेत. जमल्यास तुम्ही एक फोन करा, जुने गिऱ्हाईक आहेत.

गूगलवरचे दोन

पहिला दोन ताऱ्यांचा, नाशिकहून: "चव छान, पण लाडू सगळे बसलेले निघाले." डबा दोन दिवस प्रवासात होता आणि हे दिवस उन्हाचे. किलोभर बेसनाला आपण ५०० ग्रॅम तूप घालतो. इथं दुकानात ते ठीक, गाडीत तापलं की लाडू खाली बसतो. बाहेरगावच्या लाडवांना ४५० ग्रॅम तूप, आणि वळल्यावर रात्रभर उघडे ठेवून मग प्रत्येकी एका कागदी वाटीत, असं करून पाहू. उत्तरात माफी मागितलीय, पुढच्या ऑर्डरला अर्धा किलो लाडू आपल्याकडून. दुसरा पाच ताऱ्यांचा, शंकरपाळ्यांच्या खुसखुशीतपणाबद्दल. आभार मानले.

पैसे आणि फसवणूक

ऑर्डर ३२५, रक्कम १,८५०. रात्री १.०५ ला यूपीआयचा स्क्रीनशॉट आलाय, पण बँकेत काही जमा नाही. व्यवहार क्रमांक १२ आकडी असतो, चित्रातला ११ आकडी आहे. "जमा झालं की डबा भरतो" एवढंच कळवलं. पुन्हा तोच नंबर घाई करायला लागला तर फोन उचलू नका, आमच्याकडे द्या.

इन्स्टावर "तुमचं पान २४ तासांत बंद होईल, इथे दाबा" असा मेसेज आलाय. खोटा आहे. उघडू नका, तक्रार करून टाकलाय. ताई, हा तुमच्या फोनवरही दिसेल, म्हणून मुद्दाम लिहिलं.

उत्तरं गेलेली, फक्त माहितीसाठी

चिवड्यात कांदा-लसूण आहे का (४ जण): नाही. एफएसएसएआय क्रमांक मागितला (१): १४ आकडी क्रमांक पाकिटाच्या मागच्या फोटोसकट पाठवला. साखरेऐवजी गुळाच्या करंज्या (२): यंदा नाही. ऑस्ट्रेलियाला खव्याची करंजी (१): दुधाचे पदार्थ तिथं अडवतात, नाही म्हटलं. सातारा, सांगली, कोल्हापूरसाठी शेवटची तारीख (९ जण): १४ ऑक्टोबर, दुपारी ४ पर्यंत.

१, २, ३ च्या पुढे फक्त "हो" किंवा "नाही" लिहून पाठवलंत तरी पुरे. ३ साठी "रविवार" किंवा "२००". तांदळाचे किलो वेगळे. साडेदहापर्यंत उत्तर आलं नाही तर फोन करू, कारण ३१८ चा डबा तोपर्यंत नव्यानं भरून, चिकटपट्टी लावून तयार व्हायला हवा.

— दुकानातून, सकाळी ७.२५