व्यक्तिवृत्त : वरिष्ठ योग व व्यायाम प्रशिक्षिका

अर्जाचे पद : वरिष्ठ प्रशिक्षक, गटवर्ग व वैयक्तिक मार्गदर्शन. नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक सोबतच्या अर्जात दिले आहेत.

थोडक्यात परिचय

गेली १२ वर्षे मी योग आणि स्नायुबलवर्धक व्यायाम शिकवत असून माझे ६,००० हून अधिक तासांचे अध्यापन झाले आहे. वर्गात पहिल्यांदा येणारी, शरीराबद्दल मनात भीती असलेली व्यक्ती सहा महिन्यांनंतरही नियमितपणे येत राहावी, याकडे मी सर्वाधिक लक्ष देते, आणि माझ्या कार्यक्रमांची आखणीही त्याच दृष्टीने झालेली आहे.

प्रमाणपत्रे

योग अलायन्सच्या निकषांनुसार २०० तासांचे शिक्षक प्रशिक्षण मी २०१३ मध्ये आणि ५०० तासांचे २०१६ मध्ये पूर्ण केले. सध्या माझी नोंदणी ई-आरवायटी ५०० या श्रेणीत आहे. गर्भवतींसाठीच्या योगाचे ८५ तासांचे प्रशिक्षण २०१८ मध्ये घेतले. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजचे वैयक्तिक प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र २०१७ पासून माझ्याकडे असून दर दोन वर्षांनी आवश्यक २० तासांचे पुढील शिक्षण घेऊन मी त्याचे नूतनीकरण करते. सीपीआर व एईडी वापराचे प्रमाणपत्रही वैध आहे.

कार्यानुभव

२०१९ पासून आजपर्यंत : सभासद तत्त्वावरील योग व व्यायाम केंद्रात वरिष्ठ प्रशिक्षिका. आठवड्याला १६ गटवर्ग, ८ वैयक्तिक सत्रे आणि तीन कनिष्ठ प्रशिक्षकांचे मार्गदर्शन ही माझी जबाबदारी आहे.

२०१३ ते २०१९ : स्वतंत्र प्रशिक्षिका म्हणून कार्यालयांमध्ये आणि निवासी संकुलांमध्ये वर्ग घेतले.

सभासदांचे गट

साठीपुढील सभासदांचा वर्ग हा माझ्या कामाचा सर्वांत मोठा आणि मला सर्वांत जवळचा भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि बळ यांवर भर देणारा व्यायाम सुचवला आहे. म्हणून हा वर्ग मी आठवड्यातून तीनदाच ठेवला आणि त्यात भिंतीच्या आधाराने वृक्षासन, खुर्चीवरून उठणे-बसणे आणि जमिनीवरून सुरक्षितपणे उभे राहण्याचा सराव यांना कायमची जागा दिली. शेवटचा सराव अनेक ठिकाणी वगळला जातो, परंतु पडण्याची भीती त्यानेच कमी होते, असे मी वारंवार पाहिले आहे.

गर्भवतींच्या वर्गात डॉक्टरांच्या लेखी संमतीनेच प्रवेश दिला जातो आणि पहिल्या तिमाहीनंतर बराच वेळ उताणे झोपण्याऐवजी कुशीवर शवासन घेतले जाते. याखेरीज बैठे काम करणाऱ्यांचा आणि नवशिक्यांचा असे दोन वर्ग मी घेते.

कार्यक्रमाची आखणी

प्रत्येक नव्या सभासदाकडून मी आरोग्यविषयक पार-क्यू प्रश्नावली भरून घेते, ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते आणि एका पायावर किती वेळ उभे राहता येते हे मोजते, आणि त्यानंतरच १२ आठवड्यांचा आराखडा तयार करते. पहिले चार आठवडे श्वास, सांध्यांची हालचाल आणि मूळ आसनांची मांडणी यांसाठी, पुढचे पाच आठवडे रेझिस्टन्स बँड व डंबेलच्या साहाय्याने बळ वाढवण्यासाठी आणि उरलेले तीन स्वतंत्र सरावासाठी असतात. व्यायामाचा जोर मी बोलण्याच्या कसोटीवर ठरवते. उच्च रक्तदाब असलेल्यांना कुंभक, काचबिंदू असलेल्यांना शीर्षासन व अधोमुख श्वानासन आणि हाडे ठिसूळ झालेल्यांना पाठीचा कणा गोल करून पुढे वाकण्याची आसने मी देत नाही. त्यांचे पर्याय वर्गाच्या टिपणवहीत आधीच लिहिलेले असतात, जेणेकरून बदली प्रशिक्षकाकडूनही चूक होऊ नये.

सभासद टिकवण्याचे काम

२०२२ मध्ये नव्याने आलेल्या ५८ सभासदांपैकी सहा महिन्यांनंतर केवळ २७ जण येत होते. हजेरीवह्या पडताळल्यावर असे आढळले की सोडून गेलेल्यांपैकी बहुतेकजण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यादरम्यान थांबले होते, म्हणजे सुरुवातीचा उत्साह ओसरलेला असतो पण शरीरातील बदल अजून जाणवत नसतो त्याच काळात. त्यामुळे सलग दोन वर्ग चुकलेल्या सभासदाला त्याच आठवड्यात प्रशिक्षकाने स्वतः दूरध्वनी करावा आणि सहाव्या आठवड्यात पहिल्या दिवशीच्याच चाचण्या पुन्हा घेऊन फरक आकड्यांत दाखवावा, अशी पद्धत मी सुरू केली. २०२४ मध्ये आलेल्या ६२ जणांपैकी ४४ जण सहा महिन्यांनंतर टिकून होते. बैठे काम करणाऱ्यांच्या सायंकाळच्या वर्गात मात्र सुधारणा अल्प झाली. कामाच्या बदलत्या वेळा हे त्याचे मुख्य कारण असल्याने त्या वर्गासाठी आता दोन पर्यायी वेळा ठेवल्या आहेत.

उपलब्धता

सध्याच्या केंद्राला एक महिन्याची पूर्वसूचना देऊन मी रुजू होऊ शकते. मुलाखतीच्या वेळी प्रात्यक्षिक वर्ग घेण्याची माझी तयारी असून मूळ प्रमाणपत्रे आणि १२ आठवड्यांच्या आराखड्याचा नमुना मी सोबत आणेन.