मुलीच्या नामकरणासाठी गुरुजींना पत्र

॥ श्री व्याडेश्वर प्रसन्न ॥

वरचा पाट, गुहागर
शनिवार, दि. २२ नोव्हेंबर २०२५

वे. मू. सदाशिवभट उपाध्ये गुरुजी, मु. पो. पालशेत, यांस
केदार जोशीचा सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुमचा आवाज तुटत होता, पण "सगळं कागदावर लिहून पाठव" एवढं नीट ऐकू आलं. एरवी आई म्हणते तसं नारळ घेऊन स्वतः आलो असतो. सध्या सोयर आहे, म्हणून हे पत्र तुमच्या श्रीधरच्या हाती देतो आहे.

आमच्या मुलीचं बारसं गुरुवार, दि. २७ नोव्हेंबर रोजी, बाराव्या दिवशी, इथे घरीच करायचं ठरवलं आहे. नामकरण तुमच्याच हातून व्हावं अशी घरातल्या सगळ्यांची इच्छा आहे. माझी मुंज तुम्ही लावलीत, लग्नही तुम्हीच लावलंत, आता लेकीचं नावही तुमच्या समोर ठेवलं जावं.

जन्म रविवार, दि. १६ नोव्हेंबर, दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी, चिपळूणला. कार्तिक वद्य द्वादशी. दाते पंचांगावरून मी हस्त नक्षत्र, तिसरं चरण, कन्या रास असं काढलं आहे. माझं गणित तुम्हाला माहीत आहे, तेव्हा एकदा तपासून घ्या. आमचं शांडिल्य गोत्र, ऋग्वेदी शाकल शाखा हे तुमच्या वहीत असेलच. बाबा, म्हणजे मोरेश्वर, हयात आहेत. आजोबा केशव आणि पणजोबा गणेश नाहीत. आईचे वडील वामन, काश्यप गोत्र, तेही नाहीत. माझ्या बायकोचं सासरचं नाव ऋचा. नांदीश्राद्धात कोणाचा उच्चार करायचा नि कोणाचा नाही, हे यावरून तुम्हाला ठरवता येईल. ते हिरण्यानेच करू, म्हणजे वेळ वाचेल.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लांबणार आहे ते लिहितो. मुलीचं नामकरण अमंत्रक करायची पद्धत आहे, असं सुधाकाकांनी मला दोनदा सांगितलं. माझ्या बहिणीच्या वेळी तसंच झालं होतं म्हणे: पुण्याहवाचन झालं, पुढचं सगळं मुकाट. माझी आणि ऋचाची विनंती अशी की मुलगा असता तर जे जे म्हटलं असतंत ते सगळं हिच्यासाठीही म्हणावं. जातकर्म राहिलेलंच आहे, ते तुम्ही नामकरणाआधी कराल. त्यात मला 'अङ्गादङ्गात् संभवसि' माझ्या तोंडाने तिच्याजवळ म्हणायचं आहे. पुढे 'पुत्रनामासि' येतं, तिथे काय करायचं ते तुम्ही सांगाल तसं. बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, "सदाशिवभट म्हणतील ते." म्हणजे त्यांची ना नाही. तुम्हाला मनापासून पटत नसेल तर तेही मोकळेपणी कळवा. ऐनवेळी पाटावर बसल्यावर वाद नको. पण तुम्ही हो म्हणालात तर सुधाकाकांना तुम्हीच दोन शब्द सांगा. माझं ते ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात.

दुसरी गोष्ट मधाची. जातकर्मात सोन्याने मध-तूप चाटवतात. बाळ वर्षाचं होईपर्यंत मधाचं बोटही लावायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं आहे; एवढ्या लहान आतड्यांना त्यातून विषबाधा होऊ शकते. तेव्हा वाटीत मध-तूप ठेवू, मंत्र होऊ दे, अंगठी नुसती ओठांजवळ नेऊन बाजूला घेऊ. आईला हे आधीच सांगून ठेवलं आहे, तरी तिचा हात पटकन पुढे जाईल, तुम्हीही लक्ष ठेवा. कान बाराव्याला टोचायचे नाहीत. ते पुढे, लसी झाल्यावर बघू.

ऋचाचं सिझर झालं आहे. काल दवाखान्यातून थेट इकडे आणलं. चिपळूण-गुहागर रस्त्याचे धक्के तिने कसे सोसले तिचं तिला माहीत. तिला पाटावर मांडी घालून बसवणार नाही. माझ्या उजव्या हाताला बुटकी खुर्ची ठेवू, पदराला गाठ तिथूनच बांधता येईल. संकल्पापासून नाव लिहीपर्यंत तास-सव्वा तासात आटपलं तर बरं. मातृकापूजन आणि नांदीश्राद्ध आधी मी एकटा बसून करतो, ती मग येईल, असं चालत असेल तर उत्तमच. धूप घालू नका, बाळाला ठसका लागतो. उदबत्तीही ओटीवर लावू, माजघरात नको.

नावांचं असं आहे. ताम्हणात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने नावं लिहायची ती तुमच्या मार्गदर्शनाखाली मी लिहीन. कुलदेवतेचं योगेश्वरीभक्ता. मासनाम कार्तिकाचं, पुंडरीकाक्ष; मुलीसाठी त्याचं जे रूप होत असेल ते. नाक्षत्रनामाला मात्र आम्ही सगळ्यांनी हात टेकले आहेत. हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ, आणि आमच्या वाट्याला आला 'ण'! गावात कोणाला 'ण'वरून नाव सुचेना. तुमच्या पोथीत काही तोड असेलच. ते ताम्हणापुरतंच राहणार आहे, तेव्हा तुम्ही द्याल ते. व्यवहारातलं नाव मृण्मयी ठेवणार आहोत. तीन अक्षरी आहे, मुलीला विषम अक्षरं हवीत हा तुमचा नियम पाळला आहे, आणि 'ण'ही मधे का होईना आला. आईची एक इच्छा आहे: पाचवं नाव पणजीचं, द्वारका, असं लिहावं. शास्त्रात चारच असतील तर ते तांदळाच्या कडेला लिहू, पण ते असू दे.

वेळ अशी धरली आहे. तुम्ही सकाळी नऊपर्यंत आलात तर साडेनऊला गणपतीपूजन, साडेअकराच्या आत नामकरण. दीड ते तीन राहुकाळ, त्यामुळे दुपारी काही ठेवलेलं नाही. पाळण्यात घालणं आणि आत्याने कानात नाव सांगणं बायकांनी साडेचारला ठेवलं आहे. त्या दिवशी मार्गशीर्षातला पहिला गुरुवार येतो. निम्म्या आळीचे उपास, घरोघरी महालक्ष्मीची मांडणी. दिवेलागणीच्या आत सगळ्यांना घरी पोचायचं असतं. त्या वेळी तुम्ही थांबायलाच हवं असं नाही, पण थांबलात तर मजा येईल. वरवंट्याला टोपडं घालून "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" सुरू झालं की माझ्या मावशा आवरत नाहीत.

पाळणा जुना सागवानीच, माजघरातल्या तुळईला टांगणार आहोत. त्याच्या पितळी साखळीतली एक कडी झिजून अगदी तारेएवढी झाली होती. सुताराने ती काढून लोखंडी घातली. दिसायला ती वेगळी दिसते, पण बाबांनी आधी स्वतःच्या हाताने पाळणा ओढून-लोंबकळून पाहिला, मगच शांत झाले.

सकाळच्या विधीला घरचे आणि ऋचाच्या माहेरचे मिळून पंधरा-सोळा माणसं असतील. पहिलं बारसं माहेरी करायचं, पण त्यांचा चिपळूणचा ब्लॉक लहान, म्हणून सगळ्यांच्या विचाराने इथे ठरलं. तुम्ही त्यांना पहिला विडा द्यायला लावा, म्हणजे त्यांनाही बरं वाटेल. माझा धाकटा भाऊ बहारीनला आहे. तो फोनवरून बघणार. फोन कोनाड्यात ठेवू, तुमच्या तोंडासमोर कोणी नाचवणार नाही. एक मागणं आहे: संकल्प झाला की, आणि नाव लिहिण्याआधी, आपण काय करतो आहोत हे दोन-चार वाक्यांत मराठीतून सांगा. ऋचाला ऐकायचं आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही.

सामानापैकी नारळ, सुपारी, विड्याची पानं, केळीची पानं, आंब्याचे टाळे, दूर्वा घरचंच आहे. सुपारी सोलून ठेवतो. तांब्याचे दोन कलश आणि ताम्हण आहेत, पळी-पंचपात्र आहे. बाकीची यादी श्रीधरजवळ लिहून द्या, मी सोमवारी बाजारातून आणतो. मागच्या वेळी यादीत 'अष्टगंध, असेल तर' असं लिहिलं होतंत. असलं 'असेल तर' नको, हवं ते ठाम लिहा.

तुमचा गुरुवार असतो हे आईच्या लक्षात आहे. तुमच्यासाठी वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि ताक असं सोवळ्यात करणार आहे. बाकीच्यांना मोदक आहेत. तुमचे शुक्रवारी सकाळी पालशेतला पोचते करू. दक्षिणेचं तुम्ही कधी तोंडाने सांगत नाही, म्हणून मीच लिहितो: तीन हजार तुमचे, आणि सोबत कोणाला आणणार असाल तर त्यांचे हजार, असं मनात धरलं आहे. कमी वाटत असेल तर संकोच न करता सांगा. काकूंनाही घेऊन या, आईने त्यांच्यासाठी ओटीचं सामान काढून ठेवलं आहे.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी तुमच्या मागे किती गडबड असते त्याची कल्पना आहे. आधीच कुठे शब्द दिला असेल तर सोमवारपर्यंत कळवा. शुक्रवारी तेरावा दिवस, आणि आईला 'तेरावा' हा शब्दच नको झाला आहे. मग रविवार, दि. ३० घ्यावा लागेल, त्याला मुहूर्त तुम्हालाच काढून द्यावा लागेल. पण शक्यतो गुरुवारच जमवा. बाराव्याला मुहूर्त पाहावा लागत नाही, आणि माझी रजाही शनिवारपर्यंतच आहे.

बाबांचा आणि आईचा नमस्कार. बाळ ठीक आहे, रात्रभर जागवते. काल रात्री आईने पाट्यावर सटवीची पूजा केली, कोरा कागद नि पेन ठेवलं, आणि आमच्या बाईसाहेबांनी त्या पूजेभर घर डोक्यावर घेतलं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
केदार मोरेश्वर जोशी

ता. क. गुरुवारी सकाळी साडेआठला निनाद गाडी घेऊन तुमच्याकडे येईल. घाटीपाशी गाडी उभी करून तो खाली उतरेल, तुमची पिशवी तोच उचलेल. तुम्ही रस्त्यावर येऊन थांबू नका.