आईच्या क्लेमचा हिशेब: शंभरातले आधी पन्नास, मग त्रेसष्ट

पॉलिसी आरोग्य विम्याची, आईच्या एकटीच्या नावावर. आईचं वय ६८. पॉलिसीचं दुसरं वर्ष चालू होतं. आई बाथरूममध्ये घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून अर्धा सांधा बदलला, सातव्या दिवशी घरी सोडलं. कॅशलेस नाकारलं गेलं, म्हणून सगळं बिल आम्ही भरलं आणि नंतर प्रतिपूर्तीचा क्लेम टाकला. कागद दिल्यापासून पहिले पैसे यायला ५८ दिवस लागले. तक्रार केल्यावर उरलेले योग्य पैसे यायला आणखी २३. माझे गुण असे: कागदपत्रांना ५ पैकी ३, वेळेला २, विकताना दिलेल्या शब्दाला १.

हा १ गुणसुद्धा एका गोष्टीमुळे दिला आहे. पॉलिसी विकताना एजंटने सांगितलं होतं, "ताई, अपघात पहिल्या दिवसापासून कव्हर आहे, त्याला थांबायची गरज नाही." हे खरं निघालं. कंपनीच्याच टेबलावर मात्र ते कुणाला माहीत नव्हतं. हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवरून पूर्वमंजुरीचा अर्ज गेला. चार तासांनी एक प्रश्न आला, त्याचं उत्तर गेलं, आणि रात्रभर वाट पाहिल्यावर सकाळी नकार आला. कारण दिलं होतं: सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेला तीन वर्षांचा प्रतीक्षा काळ आहे. पॉलिसीत त्याच यादीच्या खाली एक ओळ स्पष्ट छापलेली आहे, की अपघातामुळे उपचार करावे लागले तर हा प्रतीक्षा काळ लागू नाही. गुडघे झिजले म्हणून सांधा बदलणं वेगळं आणि पडून हाड मोडलं म्हणून बदलणं वेगळं. अर्जात "पडल्यामुळे फ्रॅक्चर" असं डॉक्टरांनी लिहिलेलं होतं, एक्स-रे जोडलेला होता. ते वाचायला कुणाला वेळ झाला नाही. आईला ऑपरेशन थिएटरकडे नेत असताना मी बाहेर उभी राहून फोनवर पॉलिसीचं पान शोधत होते. त्या दिवशी मला तिचा हात धरून बसायचं होतं. याचा राग अजून गेलेला नाही.

फेरविचाराची विनंती केली तेव्हा उत्तर मिळालं, "आत्ता बिल भरा, प्रतिपूर्तीत बघू." डेस्कवरच्या मॅडमनी मात्र फार मोलाची मदत केली. बिल भरायच्या आधीच त्यांनी सांगितलं की डिस्चार्ज समरी वाचून घ्या आणि पडल्याचं कारण त्यात आलं आहे का ते बघा. आलेलं नव्हतं, नुसतं "खुब्याचा फ्रॅक्चर" लिहिलं होतं. डॉक्टरांकडून "घरी घसरून पडल्यामुळे" हे शब्द घालून घेतले. पुढे संपूर्ण क्लेम या तीन-चार शब्दांवर उभा राहिला.

आता कागदांबद्दल. डिस्चार्जनंतर १५ दिवसांत क्लेम द्यायचा होता, आम्ही नवव्या दिवशी दिला. क्लेम फॉर्मचे दोन भाग, एक आपण भरायचा आणि एक हॉस्पिटलने. डिस्चार्ज समरी, अंतिम बिल आणि त्याचा तपशीलवार तक्ता, पैसे भरल्याच्या पावत्या, औषधांची बिलं चिठ्ठ्यांसकट, तपासण्यांचे रिपोर्ट, एक्स-रे, ओळखपत्र, रद्द केलेला चेक. या यादीबद्दल माझी तक्रार नाही. कंपनीला पैसे द्यायचे आहेत, तिने पुरावा मागावा हे बरोबर आहे. यादी वेबसाइटवर नीट दिलेली होती आणि अपलोड करायची सोयही सरळ होती. त्यासाठीच ३ गुण.

उरलेले दोन गुण गेले ते यादीबाहेरच्या कागदांमुळे. कागद दिल्यापासून नवव्या दिवशी पहिली क्वेरी आली: इम्प्लांटचं बिल आणि त्याच्या खोक्यावरचे स्टिकर द्या, आणि पडताना रुग्णाने मद्यपान केलेलं नव्हतं असं डॉक्टरांचं पत्र द्या. स्टिकरचं कारण मला पटलं. कुठल्या कंपनीचा, कुठल्या क्रमांकाचा सांधा शरीरात बसवला याचा तोच पुरावा असतो आणि हॉस्पिटल तो केसपेपरवर चिकटवून ठेवतं. पण हे जर प्रत्येक सांध्याच्या क्लेमला लागतं, तर ते पहिल्याच यादीत का नाही? मद्यपानाचं पत्र आईच्या हाती पडलं तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त चष्मा काढून ठेवला. अपघाताच्या क्लेममध्ये हे सहसा विचारतात, हे मला नंतर कळलं. तोच प्रश्न "नियमाप्रमाणे सगळ्यांना विचारतो" एवढं वाक्य जोडून विचारता आला असता.

आम्ही पाच दिवसांत दोन्ही दिलं. पंचविसाव्या दिवशी दुसरी क्वेरी: भरती असतानाचे सगळे केसपेपर, नर्सच्या नोंदींसकट. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातून प्रती मिळवून एकतिसाव्या दिवशी दिल्या. चाळिसाव्या दिवशी तिसरी क्वेरी: चेकवर आईचं नाव आद्याक्षरांनी आहे, पॉलिसीवर पूर्ण आहे, दोन्ही एकच व्यक्ती असल्याचं पत्र द्या. तो चेक त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होता! दुसऱ्याच दिवशी पत्र दिलं. अठ्ठावन्नाव्या दिवशी पैसे जमा झाले.

या ५८ दिवसांत आमच्याकडे गेलेले दिवस मी मोजले. पाच, सहा आणि एक, एकूण बारा. बाकीचे शेहेचाळीस त्यांच्याकडे. तरीही त्यांच्या कागदावर हा क्लेम "मुदतीत निकाली" निघाला आहे, कारण पॉलिसीतलं वाक्य असं आहे: शेवटचं आवश्यक कागदपत्र मिळाल्यापासून ३० दिवस. प्रत्येक नव्या क्वेरीबरोबर घड्याळ पुन्हा शून्यावर जातं. तिन्ही गोष्टी नवव्या दिवशी एकत्र मागितल्या असत्या, तर माझ्या हिशेबाने महिन्याभरात काम संपलं असतं. क्वेरी आली की प्रत्येक वेळी मी त्याच दिवशी मेल करून विचारत होते, "याशिवाय आणखी काही लागणार आहे का?" एकदाही त्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही.

पैसे जमा झाले आणि खरा धक्का तेव्हा बसला. बिल शंभर धरलं तर आले पन्नास. मंजुरीपत्रात कपातीचं कारण फक्त "पॉलिसीच्या अटींनुसार". आकडेमोड मागवली, ती चार दिवसांनी आली, आणि मग भाऊ आणि मी पॉलिसी उघडून एका रात्रीत बसून ती ओळ न ओळ तपासली.

हातमोजे, सिरिंज, पट्ट्या असल्या विम्यात न धरल्या जाणाऱ्या वस्तूंचे ६ गेले, उरले ९४. खोलीच्या भाड्याला मर्यादा होती दिवसाला विमा रकमेच्या १ टक्क्याची. आमची सिंगल खोली दीड टक्क्याची होती. माझी समजूत अशी, की वरचा अर्धा टक्का आपल्या खिशातून जाईल. तसं नसतं. खोली मर्यादेच्या दीडपट असेल तर डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, भूल, नर्सिंग या सगळ्यांना त्याच प्रमाणात कात्री लागते, म्हणजे दोन तृतीयांशच मिळतं. खोलीनुसार या फीदेखील बदलतात, म्हणून अशी प्रमाणशीर कपात. हे तत्त्व मला समजतं. पण आमच्या पॉलिसीत पुढे लिहिलेलं आहे की ही कपात औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना लागू होणार नाही. सांधा जनरल वॉर्डमध्ये बसवला काय आणि सिंगल खोलीच्या रुग्णाला बसवला काय, किंमत तीच. कंपनीने सरसकट ९४ वर कात्री चालवली आणि ते झाले ६२.७. त्यावर साठीच्या पुढच्या रुग्णाला २० टक्के सहभाग, म्हणजे तेवढा वाटा आपण भरायचा, म्हणून राहिले पन्नास.

आमच्या बिलात इम्प्लांट ३४, औषधं १०, तपासण्या ६. हे ५० पूर्ण धरायला हवे होते. उरलेल्या ४४ चे दोन तृतीयांश २९.३. एकूण ७९.३, त्यातून २० टक्के वजा केले की ६३. तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावाने एका पानाचं पत्र लिहिलं, कलमाचा क्रमांक आणि हा तक्ता जोडला. तेविसाव्या दिवशी उरलेले तेरा जमा झाले. चूक झाली असं पत्रात कुठेही लिहिलेलं नाही, शब्द आहे "पुनर्गणना". ज्यांनी आकडेमोड मागवली नसेल त्यांचे तेरा कुठे गेले असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

एजंटबद्दल लिहायला मला जड जातं, कारण तो भावाच्या ओळखीचा आहे. मी विचारलं होतं, "खोलीला लिमिट आहे का?" त्याचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर अजून आहे: "नाही ताई, कुठलीही सिंगल रूम घ्या, बिनधास्त." २० टक्के सहभागाचा त्याने उल्लेखही केला नव्हता. "खिशातून काही जाणार नाही" हे मात्र दोनदा म्हणाला होता. तक्रारीत तो मेसेजही जोडला. कंपनीचं उत्तर आलं, की करार म्हणजे पॉलिसीचा दस्तऐवज, तोंडी किंवा अन्य आश्वासनं त्यात धरली जात नाहीत, आणि पॉलिसी पाहून परत करायला ठरावीक दिवस दिलेले होते. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेल. पण त्या माणसाला विकायला कंपनीनेच नेमलं होतं, त्याच्या गळ्यात कंपनीचंच ओळखपत्र होतं. त्याचा शब्द हप्ता घेताना चालतो आणि क्लेमच्या वेळी चालत नाही, हे मला मान्य नाही. ते दिवस हातात असताना मी ती पॉलिसी उघडली नाही. खोलीची मर्यादा दुसऱ्याच पानावरच्या तक्त्यात होती. ही चूक माझी, आणि तिची किंमत आईच्या साठवलेल्या पैशातून गेली. फ्रॅक्चरनंतरच्या दुसऱ्या दिवसापर्यंत एजंट फोन उचलत होता. नकार आल्यावर "कस्टमर केअरशी बोला" एवढंच म्हणाला.

एक गोष्ट चांगली झाली, ती सांगायलाच हवी. डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांतली औषधं, तपासणी आणि ड्रेसिंग यांचा वेगळा क्लेम टाकला होता. तो एकही क्वेरी न येता १२ दिवसांत मंजूर झाला. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टची फी मात्र मिळाली नाही, पॉलिसीत ती नाही आणि तसं आम्हाला आधीच स्पष्ट सांगितलं गेलं होतं.

आई आता वॉकरशिवाय चालते. नूतनीकरणाला २० दिवस उरले आहेत. कंपनी बदलायची तर या वयात नव्याने तपासणी होणार, आणि आता खुब्यात धातू आहे. म्हणून मी याच कंपनीला मेलवर तीन प्रश्न विचारले आहेत: खोलीची मर्यादा काढायचा पर्याय आहे का, २० टक्के सहभाग जास्त हप्ता भरून जाईल का, आणि दुसऱ्या बाजूचा खुबा पडून मोडला तर प्रतीक्षा काळ लावणार का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कलमाच्या क्रमांकासह लेखी आली आहेत, दोन्ही होकारार्थी. तिसऱ्याचं अजून आलेलं नाही. ते येईपर्यंत मी हप्ता भरणार नाही.